चिंगी रात्री का धावते

दिघाशीत आमच्या घरी मांजर आलं ते भातामुळे. झोडणी उरकून गोणींची थप्पी माजघरात लागली की उंदीर हजर होतात, आणि उंदरांना औषध घालणं आजीला पसंत नव्हतं. म्हणून शेजारच्या काकूंकडून चिंगी आणली. दिवसभर गोणींवर झोप, आणि रात्री सगळं निजलं की एकदम सुसाट. ओटीवरून माजघर, तिथून चुलीची खोली, वळताना लादीवर नखांची खरखर, थप्पीवर एक झेप आणि परत ओटी. कान मागे, डोळ्यांत नुसत्या काळ्या बाहुल्या. मग मध्येच थबकून आढ्याकडे टक लावायची.

आजी म्हणायची, "तिला दिसतं काहीतरी. आपल्याला नाही दिसत ते." एका अवसेला तिने मीठ-मिरच्या ओवाळून चिंगीची दृष्टही काढली. मिरच्यांचा धूर आम्हालाच लागला. चिंगी त्याही रात्री धावली.

आजीचं अर्धं खरं होतं. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला साठ हजारांच्याही पुढचा. उंदीर आपसात जे चिरकतात त्यातलं बरंचसं या वरच्या पट्टीतलं असतं. म्हणजे चिंगी आढ्याकडे बघते तेव्हा कौलांखाली खरोखर कोणीतरी असू शकतं. पण मी तिला अंधारात बसून बघितलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. उंदराची चाहूल लागली की ती दगडासारखी होते. पोट जमिनीला टेकलेलं, फक्त शेपटीचं टोक हलतं. शिकारीवर असलेलं मांजर घरभर धडधडाट करत फिरेल कशाला? तेव्हा ऐकणं वेगळं आणि धावणं वेगळं.

धावण्याचं मूळ तिच्या दिनक्रमात आहे. मांजर दिवसातले बारा ते सोळा तास झोपतं आणि त्याचं अंग खरं जागं होतं ते तिन्हीसांजेला आणि पहाटेच्या आधी, कारण उंदीर-घुशीही तेव्हाच बाहेर पडतात. रानावर जगणारं मांजर दिवसाला आठ-दहा लहान शिकारी तरी करतं, आणि त्यासाठी मारलेल्या कितीतरी झेपा फुकट जातात. त्याचं शरीर बनलंय ते अशा छोट्या, जोरदार धावांसाठी. आमच्याकडे गोणी गिरणीत गेल्या, उंदीर कमी झाले, आणि चिंगीला वाटीत आयता मासळी-भात मिळू लागला. पोट भरलं, पण झेपा अंगातच राहिल्या. मग रात्री त्या बाहेर पडतात.

मग मी जेवणाआधी तिच्याशी खेळायला लागलो. सुतळीला चिंधी बांधायची आणि ती तिच्यापासून लांब ओढायची. तोंडावर नाचवली तर तिला रस राहत नाही, कारण कुठलाही उंदीर मांजराकडे चालत येत नाही. चिंधी गोणीआड लपवायची, थांबायचं, पुन्हा सरकवायची, आणि शेवटी तिला पकडू द्यायची. दहा-पंधरा मिनिटांत ती धापा टाकत बसते. लगेच वाटी पुढे करायची. मारलं, खाल्लं, अंग चाटलं, झोपली, असा तिचा क्रम पुरा होतो. मध्यरात्रीची धाव यामुळे बरीच कमी झाली. पहाटेची राहिली, ती राहणारच. मात्र धावते म्हणून रात्री उठून तिला खायला द्यायचं नाही. एकदा दिलं, की धावल्यावर मिळतं, हे ती पक्कं शिकते.

एका पावसाळ्यात मात्र तिचं धावणं बदललं. दोन पावलं पळायची आणि गर्रकन वळून शेपटीच्या बुडाशी चावायची. पाठीची कातडी थरथरायची. बारीक फणी फिरवली तर काळे कण निघाले. ते ओल्या पांढऱ्या कागदावर ठेवले आणि प्रत्येकाभोवती तांबूस डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे चिंगीचंच पचलेलं रक्त. शेजाऱ्यांनी आपलेपणाने गुरांच्या गोचिडांचं औषध पुढे केलं. गुरांच्या डॉक्टरांनी ते हातातून काढूनच घेतलं. अशा औषधांत पर्मेथ्रिन असू शकतं. गुरांना, कुत्र्यांना ते चालतं, पण मांजराचं यकृत ते नीट मोडू शकत नाही. अंगाला झटके येऊन मांजर मरू शकतं. त्यांनी वजन विचारून खास मांजराचा थेंब दिला, तो मानेच्या मागे, जिथे तिची जीभ पोचत नाही तिथे लावला. पिसवांची अंडी अंगावरून गळून अंथरुणात पडतात, म्हणून गोधड्या उकळत्या पाण्यात धुतल्या. हे केलं नसतं तर नुसत्या थेंबाने भागलं नसतं.

डॉक्टरांनी आणखी दोन खुणा सांगून ठेवल्या. दहाएक वर्षांचं मांजर एकाएकी रात्री धावायला, ओरडायला लागलं, खूप खाऊनही वाळत चाललं, तर थायरॉइड तपासायची. आणि बोका सारखा सारखा मुतायला बसतोय, पळतोय, पुन्हा बसतोय, पण थेंब पडत नाही, तर सकाळची वाट बघायची नाही. त्याचा मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो, आणि एक-दोन दिवसांत बोका दगावू शकतो.