गिरणीची पहिली ओवी

उद्घाटनाच्या सकाळी दुकानात माणसांच्या आधी गाणं येऊन बसतं. बीड जिल्ह्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी बघा. शटर अर्धं वर गेलेलं असतं, आंब्याच्या पानांचं तोरण अजून ओवायचं असतं, आणि मंडपवाल्याचं पोरगं स्पीकर जोडून बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई लावून देतं. सनईला शब्द नसतात, म्हणून ती किराण्यालाही शोभते आणि मोबाइलच्या दुकानालाही. रस्त्यावरून जाणाऱ्याला कळतं, इथं आज काहीतरी चांगलं आहे.

पण मुहूर्त पहाटेचा निघाला, तर हे चालत नाही. रात्री दहा ते सकाळी सहा स्पीकरला बंदी असते. तेव्हा घरच्या गळ्यांवरच भागवावं लागतं, आणि मला वाटतं ते बरंच होतं. रामदासांची गणपतीची आरती स्पीकरवर लावली की ती आपल्या चालीनं पुढं जाते. इकडं निरांजन वाऱ्यानं विझलेलं, नारळ फुटायचा राहिलेला, आणि तिकडं आरती संपून एखादं सिनेमाचं गाणं सुरू! माणसं म्हणतात तेव्हा आरती थांबते, वात पुन्हा लागते, टाळ्या पुन्हा जुळतात.

आरती झाल्यावर कुठलं गाणं, हा खरा प्रश्न. त्याचं उत्तर धंद्यात असतं. आपल्या संतांनी गल्ल्यावर बसून, सुई चालवून, वस्तरा धरून अभंग रचले. शिंपीकाम मांडणाऱ्याला नामदेव आहेत, सलूनवाल्याला सेना महाराज, सराफाला नरहरी सोनार. किराणावाल्याला तर तुकोबा घरचेच. देहूत त्यांचं वाण्याचं दुकान होतं, आणि कर्जखतांतला आपला वाटा त्यांनी इंद्रायणीत सोडला, अशी कथा आहे. उधारीची वही उघडताना ती आठवावी की विसरावी, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

आता समजा, माजलगावात कुणी पिठाची गिरणी टाकली. छोटीच, एका खोलीतली. एक मोटार, एक पट्टा, दोन दगड. तिच्या सकाळी काय म्हणावं? परळीच्या पलीकडच्या गंगाखेडची जनाबाई दळताना विठ्ठलाला हाताशी घेते, तिचा अभंग चालेल. पण त्याहून जवळची आहे ती जात्यावरची ओवी. गंमत अशी, की तिला गप्प केलं ते गिरणीनंच. दळण डब्यात भरून रांगेत ठेवता येऊ लागलं आणि पहाटेच्या अंधारात गाणाऱ्या बायकांचं कामच गेलं. काम गेलं, तशी ओवीही गेली.

हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव फिरून अशा एक लाखाहून अधिक ओव्या टिपल्या. 1990च्या दशकात माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांचे आवाज त्यात आले. पहिली ओवी देवाला, दुसरी आईबापाला, अशी मोजत जाण्याची रीत जुनीच. भीमनगरात मात्र ओवी बुद्धाला आणि बाबासाहेबांना वाहिली गेली. मंगल म्हणजे काय, हे अशा वेळी गाणाऱ्या तोंडानं ठरतं, पुस्तकानं नाही.

ओवी जोडणं अवघड नसतं. दोन ओळी, शेवटी यमक, पहिल्या ओळीत जागा आणि दुसरीत मनातलं. गिरणीसाठी मी एक जोडून पाहिली:

माजलगावच्या पेठंत नवी गिरणी बसली
शाळूच्या पिठामधी लक्ष्मी माझी हसली

वाचताना ही तोकडी वाटते, कारण ओवी कागदावर पुरी होतच नाही. गाणारी मधे ‘बाई’ घालते, ‘सांगते’ घालते, अर्धी ओळ पुन्हा घेते, आणि खुंट्याच्या फेऱ्याबरोबर ती लांबत जाते. जातं समोर नसेल, तर हातानं नुसता फेरा धरावा. टाळीवर घेतली की तिचं भजन होतं. हार्मोनियमवाल्यालाही थोडं थांबवून ठेवावं.

आणखी एक अडचण मोटारीची. ती सुरू झाली की शेजारच्याचं बोलणंही ऐकू येत नाही, मग म्हाताऱ्या गळ्याचं काय? शिवाय नव्या दगडांचं पहिलं पीठ खायचं नसतं, त्यात कच असते. चिमूटभर दातांखाली धरलं की लगेच कळतं. म्हणून पहिले काही किलो धान्य दगड धुवायलाच दळतात. त्या गडगडाटाची घाई नको.

तेव्हा बीडकडं कुणी गिरणी काढत असेल, तर एवढं करा. पुढाऱ्याची खुर्ची जरा सरकवा आणि गल्लीतल्या एखाद्या म्हाताऱ्या मावशीला पुढं बसवा. फीत कुणीही कापो, बटन मात्र मावशीची ओवी पुरी झाल्यावरच दाबा.