भुलू आणि आठ फरश्या

दिवाळीच्या सुट्टीत मी आझाद हिंद एक्स्प्रेसने हावड्याला उतरलो, तेव्हा बाबांसोबत स्टेशनवर माझा सहा वर्षांचा भाऊ छोटूही आला होता. गाडीतून उतरताच त्याने सांगितले, "दादा, आपल्याकडे भुलू आलाय!" बाबांची बदली कोलकात्याला झाल्यापासून आम्ही बेहाल्यात भाड्याच्या घरात राहतो. भुलू त्याच गल्लीतला, साधारण वर्षभराचा तांबडा कुत्रा. पावसाळ्यात आईने त्याला घरात घेतले होते. बंगालमध्ये निम्म्या कुत्र्यांची नावे भुलू नाहीतर कालू असतात, असे आई म्हणते.

पहिल्याच रात्री मी पाहिले, की भुलू जेवत असताना कोणी स्वयंपाकघरात गेले की तो गुरगुरतो. मला ते आवडले नाही. आपल्या होस्टेलमध्ये एक समजूत पक्की आहे : कुत्र्याच्या ताटात हात घालायचा, त्याचे ताट उचलायचे, म्हणजे मालक कोण ते त्याला कळते. मी तेच केले. तो गुरगुरला तसा मी जोरात ओरडलो आणि वर्तमानपत्राची गुंडाळी त्याच्या तोंडावर मारली. तो गप्प झाला. मला वाटले, जमले.

दुसऱ्या रात्री मी पुन्हा वाकलो. या वेळी तो गुरगुरला नाही. चावणे थांबवून मान ताटावर खाली घातली, अंग दगडासारखे ताठ केले, डोळ्यांच्या कडेने माझ्याकडे पाहिले आणि पुढच्या क्षणी माझा अंगठा त्याच्या दातांत होता. रक्त आले. आईने मला नळाखाली उभे करून साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवायला लावली, घड्याळ लावून. मग रुग्णालय. भुलूला लस दिलेली होती, तरी डॉक्टरांनी माझी रेबीजची लस त्याच रात्री सुरू केली, आणि रक्त आले होते म्हणून जखमेत सीरमही टोचले. ते सीरम फार दुखते. उरलेल्या इंजेक्शनांच्या तारखा त्यांनी कागदावर लिहून दिल्या.

घरी येताना बाबा एवढेच म्हणाले, "छोटूचा चेहरा त्याच्या तोंडाच्या उंचीवर येतो. हा कुत्रा राहणार नाही." मी काहीच बोललो नाही, कारण चूक कोणाची होती ते मला माहीत होते.

आईने दुसऱ्या दिवशी भुलूला पशुवैद्यांकडे नेले. मीही गेलो. त्यांनी आधी त्याचे दात, कान, पोट तपासले, कारण दुखणाऱ्या कुत्र्याचा राग वेगळा असतो. काही निघाले नाही. मग त्यांनी मला विचारले, "पहिल्या दिवशी तो गुरगुरला, तेव्हा तू काय केलंस?" मी सांगितले. ते म्हणाले, "म्हणजे त्याची घंटा तूच काढून घेतलीस." गुरगुरणे हा उद्धटपणा नसतो, ती सूचना असते. मार खाऊन सूचना बंद होते. भीती तशीच राहते. भुलूला वाटत होते, की माणूस जवळ आला की जेवण जाते, आणि मी ताट उचलून ते खरे करून दाखवले होते. आता उलटे दाखवायचे होते : माणूस जवळ आला की जेवण वाढते.

बाबांनी सुट्टी संपेपर्यंत मुदत दिली, आणि एक अट घातली. भुलू जेवताना छोटू दुसऱ्या खोलीत असेल आणि दार बंद असेल. ही अट आजही चालू आहे.

आमच्या घरातल्या फरश्या फूटभराच्या आहेत, त्याचा मला उपयोग झाला. भुलूचे ताट भिंतीच्या कोपऱ्यात ठेवायचे. मी सहाव्या फरशीवर आलो की तो घाईघाईने गिळू लागायचा, आठव्या फरशीवर असलो तर आरामात जेवायचा. म्हणून सुरुवात आठव्या फरशीवरून. ताटात साधा वरणभात. मी आठव्या फरशीपर्यंत जायचो, नखाएवढा उकडलेल्या चिकनचा तुकडा ताटाजवळ टाकायचो आणि लगेच पाठ फिरवून निघून यायचो. एका जेवणात आठ-दहा वेळा. बोलायचे नाही, हात पुढे करायचा नाही, आणि टाकलेला तुकडा ताटातल्या अन्नापेक्षा चांगला असलाच पाहिजे.

चार दिवसांनी तो मला पाहून मान वर करू लागला. अंग सैल, शेपटी हलतेय, नजर माझ्या हाताकडे. ही खूण दिसली की एक फरशी पुढे, एरवी नाही. नवव्या दिवशी मी पाचव्या फरशीवर होतो. सगळे इतके छान चालले होते, की मी एकदम तिसरीवर गेलो. भुलूचे तोंड ताटावरच थांबले. मी तिथूनच मागे फिरलो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सातवीपासून सुरुवात केली. घाईने माझे तीन दिवस गेले.

मग शेजारच्या मासिमांनी त्याला रुई माशाचे डोके दिले. त्या दिवशी तर आठवी फरशीही जवळ ठरली. मला वाटले, सगळे पाण्यात गेले. पण पशुवैद्यांनी एक गोष्ट सांगितली. कोलकात्याजवळ मोहनपूरला आयसर ही विज्ञानसंस्था आहे. तिथे अनिंदिता भद्रा आणि त्यांचे विद्यार्थी रस्त्यावरच्या कुत्र्यांचा अभ्यास करतात. त्यांना दिसले, की कुत्री आपल्या पिल्लांना बिस्किटे वाटून खाऊ देते, पण मांस मिळाले की त्याच पिल्लांशी भांडते. पोटच्या पिल्लांशी जर असे, तर मी कोण? वरणभाताचे अंतर वेगळे आणि माशाच्या डोक्याचे वेगळे. आता असे काही दिले की त्याला एकट्याला, बंद गॅलरीत देतो. ते शिकवून घ्यायचा आमचा हट्ट नाही.

चेंडूचेही असेच. पूर्वी छोटू त्याच्या तोंडातून तो ओढायचा. आता भुलूने चेंडू पकडला की मी चिकनचा तुकडा चार-पाच फूट लांब टाकतो. तो तिकडे गेला की चेंडू उचलतो, आणि लगेच त्याला परत देतो. परत देणे महत्त्वाचे, नाहीतर सौदा फसवा आहे हे त्याला दोन दिवसांत कळते. छोटूचा मोजा नेला तर नेऊ देतो. मोज्यासाठी अंगठा कोण घालवणार?

एक गोष्ट मी आईलाही सांगितली नव्हती. पाचवीत होस्टेलवर आलो तेव्हा पहिले काही दिवस मी लाडवांचा डबा पांघरुणात घेऊन झोपत असे. कोणी "काय रे, काय आणलंस?" विचारले, तरी मी गप्प होऊन डबा पोटाशी धरायचो. ती सवय कधी सुटली ते आठवत नाही. बहुधा शेजारच्या कॉटवरच्या मुलाने एके दिवशी न मागताच आपली चकली माझ्या हातावर ठेवली, तेव्हा.

सुट्टीच्या शेवटच्या रात्री मी दुसऱ्या फरशीवर होतो. त्याहून पुढे गेलो नाही. बाबांनी स्वतः आठवीपासून सुरुवात केली होती, कारण भुलूचा विश्वास माझ्यावर बसला म्हणून तो बाबांवर बसत नाही. प्रत्येकाला आपापल्या फरश्या मोजाव्या लागतात. परवा फोनवर आईने सांगितले, की बाबा पाचवीवर आहेत आणि चिकनचे तुकडे मात्र गरजेपेक्षा मोठे करतात.