पंप सुरू, बोर्ड बंद

कफ परेडच्या मच्छीमार नगरातल्या एका बोटीवर तळातलं पाणी उपसणारा १२ व्होल्टचा पंप होता. पाणी वाढलं की बोर्डाने तो आपोआप लावायचा. तांडेल म्हणाले, "पंप लागतो आणि लगेच बंद पडतो, परत लागतो. रिले नुसता टकटक करतो." खरं तर पंप लागताच मायक्रोकंट्रोलर रीसेट होत होता. रीसेट झाला की रिले सुटायचा, पंप थांबायचा. बोर्ड पुन्हा जागा झाला की त्याला पाणी दिसायचं आणि तो पुन्हा पंप लावायचा.

अशा वेळी सगळे कपॅसिटर शोधत सुटतात. मी आधी चिपलाच विचारतो. ATmega328P मध्ये `MCUSR` नावाचं रजिस्टर असतं, त्यात रीसेटचं कारण नोंदलं जातं. (बूटलोडर ते आधीच पुसू शकतो, म्हणून ही तपासणी बूटलोडरशिवाय करावी.) इथे `BORF` लागलेला होता, म्हणजे व्होल्टेज खाली बसलं होतं. दोष मोटरच्या ठिणगीचा नव्हता.

पंप आणि बोर्ड एकाच वायरवर होते आणि खारट हवेने तिचे जोड गंजले होते. वायर आणि जोड मिळून ०.४ ओहम, थांबलेल्या मोटरची कॉइलही साधारण तेवढीच. मोटर फिरू लागेपर्यंत क्षणभर १५ अँपिअर ओढले जातात, आणि १२ पैकी ६ व्होल्ट वायरीतच जातात. बोर्डाला उरतात सहा. ७८०५ रेग्युलेटरला स्वतःलाच सुमारे दोन लागतात, म्हणून चिपला मिळाले चार. ब्राउन-आउटची मर्यादा ४.३ वर ठेवलेली होती, त्यामुळे रीसेट ठरलेलाच.

जोड नवे केले, पंपाची आणि बोर्डाची वायर थेट बॅटरीपासून वेगळी काढली. बोर्डाच्या वाटेवर डायोड आणि त्यामागे १००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसवला. बोर्ड ५० मिलिअँपिअर घेतो. बॅटरी २० मिलिसेकंद खाली बसली तरी कपॅसिटरवरचं व्होल्टेज एकाच व्होल्टने उतरतं.

रीसेट थांबले, पण पाण्याची पातळी दाखवणाऱ्या सेन्सरचे आकडे पंप चालू असताना उड्या मारतच होते. हा मात्र ठिणगीचा गोंगाट. कार्बनचा ब्रश कम्युटेटरच्या एका पट्टीवरून दुसरीवर सरकताना कॉइलमधला प्रवाह तुटतो, तिथे ठिणगी पडते आणि लांब वायर अँटेना बनते. उघड्या मोटरला मी १०० नॅनोफॅरडचे तीन सिरॅमिक कपॅसिटर लावतो, एक दोन्ही टोकांत आणि दोन प्रत्येक टोकापासून धातूच्या कवचाला, पाय आखूड ठेवून. हा पंप सीलबंद. म्हणून वायर बाहेर येते तिथेच एक कपॅसिटर, वायरींना पीळ आणि वर फेराइट. सेन्सरची वायर बोटीच्या दुसऱ्या बाजूने नेली.

तरी थोडी थरथर उरली. मग प्रोग्रॅममध्ये पंप क्षणभर थांबवून वाचन घ्यायला लावलं. ब्रश झिजले की ठिणगी वाढते. तेव्हा फिल्टर वाढवू नका, पंप बदला. आणि नवी बोट सजवताना पंपाची वायर पहिल्याच दिवशी वेगळी टाका.