दादांचे पाणी

आमचे वडील, ज्यांना आम्ही भावंडे दादा म्हणतो, ते आयुष्यभर पाण्याचेच माणूस. मराठवाड्यात आमची तीन एकर जमीन आहे आणि विहीर चौघांत सामाईक. चौथ्या दिवशी पाळी आली की कोणत्या सरीत किती वेळ पाणी धरायचे, हे दादांनी घड्याळ न बघता सांगावे. त्याच दादांना दिवसाला किती घोट पाणी द्यायचे, याचा हिशोब घरात ठेवावा लागेल असे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते.

2023 च्या ऑगस्टमध्ये त्यांच्या पायांवर सूज आली, जेवण जाईना, तोंडाला सतत मळमळ. गावात अंगातली उष्णता म्हणून औषध झाले. शेवटी जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासले तेव्हा क्रिएटिनिन निघाले 11.8. ते साधारण एकच्या आसपास असावे लागते. सोनोग्राफीत दोन्ही किडन्या आक्रसून लहान झालेल्या दिसल्या. डॉक्टर म्हणाले, हे आजचे नाही, कैक वर्षांचे आहे. रक्तदाब वाढलेला असतो पण दुखत काही नाही, म्हणून माणूस काम करत राहतो, आणि किडनी आतल्या आत झिजते. अशा आक्रसलेल्या किडन्या औषधाने परत उभ्या राहत नाहीत. डायलिसिस हा एक रस्ता, दुसऱ्याची किडनी बसवणे हा दुसरा. आई तिथेच म्हणाली, "माझी घ्या." पण तिच्या तपासणीत साखर निघाली, आणि साखरेच्या माणसाची किडनी घेत नाहीत. आम्हा भावंडांची घ्यायची तर दादा ऐकायलाच तयार नाहीत. त्या गोष्टीवर घरात अजून वाद चालू आहे. असो.

मग सोमवार, बुधवार, शुक्रवार असा फेरा सुरू झाला. मशीनवर चार तास, जाणे-येणे धरून सगळा दिवस. केशरी रेशनकार्ड असल्यामुळे महात्मा फुले जन आरोग्य योजनेत मशीनचा खर्च लागला नाही. लागला तो प्रवासाचा आणि बुडालेल्या रोजाचा. 2023 पासून बायकांना एसटीत अर्धे तिकीट झाले, म्हणून सोबतीला आई जायची असे ठरले. थोरल्याने शेत धरले. बहिणीने वही धरली.

पहिले दोन महिने मानेतल्या नळीतून काम चालले. त्याच काळात डाव्या हाताच्या मनगटाशी छोटे ऑपरेशन करून धमनी आणि शीर एकमेकींना जोडली. याला फिस्टुला म्हणतात. ती शीर जाड व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात, मग सुया तिथेच टोचतात. त्या हाताने ओझे उचलायचे नाही, त्यावर रक्तदाब मोजू द्यायचा नाही, दुसरी कसली सुई टोचू द्यायची नाही, झोपेत तो अंगाखाली येऊ द्यायचा नाही. बोट ठेवले की आत मोटार चालू असल्यासारखी घुरघुर लागते. ती रोज सकाळी बघायची. घुरघुर थांबली की शीर बंद पडली असे समजून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. धाकटा अंथरुणातून उठला की आधी दादांचा हात धरतो. "चालू हाये का रं मोटार?" दादा विचारतात. लाइट गेली की विहिरीवरही ते असेच विचारायचे.

पण खरी परीक्षा पाण्याची. मशीन आठवड्यातले बारा तास रक्त गाळते. बाकीच्या वेळी प्यालेले पाणी लघवीवाटे गेले नाही तर अंगातच साचते. दादांना दिवसभरात 300 मिलिलिटरच लघवी होत होती. डॉक्टरांनी हिशोब सांगितला : जेवढी लघवी तेवढे, अधिक 500. म्हणजे 800 मिलिलिटर. त्यात चहा आला, ताक आले, वरणाचे पाणी आले, गोळी गिळायचा घोटही आला. आईने यावर साधी युक्ती काढली. सकाळी एका बाटलीत 800 पर्यंत पाणी भरायचे. दादांनी अर्धा कप चहा घेतला की तेवढेच पाणी बाटलीतून काढून तुळशीला नाही तर कोंबड्यांना. बाटली रिकामी झाली की दिवस संपला.

तहान मात्र बाटलीने भागत नाही. ती मिठाने वाढते, म्हणून लोणचे, पापड, खारा ठेचा बंद झाले. कुणी तरी कमी सोडियमचे मीठ आणून दिले होते, तेही डॉक्टरांनी परत करायला लावले. त्यात सोडियमऐवजी पोटॅशियम घातलेले असते, आणि किडनी बंद असलेल्याच्या रक्तात ते साचले तर हृदयाचे ठोके चुकतात. बटाटा आणि पालेभाज्या त्यामुळे बारीक चिरून भरपूर पाण्यात उकळायच्या आणि ते पाणी फेकून द्यायचे. सगळ्यात अवघड झाले ते भेटायला येणाऱ्यांचे. आजाऱ्याकडे रिकाम्या हाताने येऊ नये ही आपली रीत, आणि हातात शहाळे नाही तर केळी. दोन्हींत पोटॅशियम भरपूर. आई मोठ्या गोडीने घेते आणि आलेल्यांच्याच पोराबाळांना वाटते. उलट अंडे बंद करा म्हणून सांगणारे पुष्कळ भेटले. डायलिसिसच्या आधी प्रथिने कमी करायला सांगतात हे खरे, पण मशीन सुरू झाल्यावर ती अंगातून जातात आणि जास्त लागतात. दादांना रोज दोन अंड्यांचा पांढरा भाग मिळतो.

बहिणीच्या वहीत रोज सकाळचे वजन असते. शौचाला जाऊन आल्यावर, त्याच धोतर-बनियनवर, त्याच काट्यावर. अंगात जादा पाणी नसतानाचे दादांचे वजन 52 किलो. एक किलो वाढले म्हणजे एक लिटर साचले. दोन फेऱ्यांच्या मध्ये दोन किलोच्या वर जाऊ द्यायचे नाही, असे डॉक्टरांनी सांगितले होते.

2024 च्या मे महिन्यात नात्यातले लग्न निघाले. शुक्रवारची फेरी झालेली, सोमवार दूर. हाच दोन दिवसांचा खंड सगळ्यांत वाईट असतो. ऊन रणरणते, मांडवात मठ्ठ्याचे पिंप, टरबुजाच्या फोडी. पाहुणे म्हणायचे, "फळाला काय होतंय?" रविवारी रात्री दादांना आडवे होता येईना. बसूनच धाप लागली, खोकल्यात फेस येऊ लागला. पाणी फुप्फुसांत उतरले होते. गावातली जीप करून दवाखान्यात नेले, तेव्हा काट्यावर 56.5 भरले. साडेचार किलो! प्राणवायू लावून लगेच मशीनवर घेतले. सगळे पाणी एका दमात काढले तर रक्तदाब कोसळतो, पायांत गोळे येतात, म्हणून त्या रात्री तीन लिटर काढले आणि उरलेले दुसऱ्या दिवशी.

घरी आल्यावर दादा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी वही मागून घेतली आणि तेव्हापासून आकडा ते स्वतः लिहितात. दोन किलोची रेघ त्यांनी लाल पेनाने ओढून ठेवली आहे.

त्या खरिपात आणखी एक बदल झाला. कापूस वेचायला माणसे लागतात आणि वेचणी काही महिने चालते. आमच्या घरातली दोन माणसे तर आठवड्यातले तीन दिवस एसटीत. दादांनीच बांधावर बसून ठरवले की कापूस एकरभरच लावायचा, बाकी सोयाबीनमध्ये तूर. बैलजोडी विकायला ते तयार नव्हते. ती चुलत्याच्या गोठ्यात आहे, आणि त्या बदल्यात आमची नांगरट तो करून देतो. पाण्याची पाळी आली की थोरला मोटार चालू करतो आणि दादा बांधावरून हात करतात : आता पुढच्या सरीत.