सराव जिन्याचा हवा

कार्यालयातल्या आगीच्या सरावात बराच वेळ अंगणात सिलिंडर चालवून दाखवण्यात जातो आणि शेवटी सगळे किती मिनिटांत खाली आले ते लिहून घेतात. माझ्या मते सराव जोखायचा तो जिन्यावर, आणि त्यातही जिन्याच्या दारावर.

टेबलाखालचा एक्स्टेंशन बोर्ड पेटला असं समजू. इंधन, उष्णता आणि प्राणवायू यांपैकी कार्बन डायऑक्साइड मुख्यतः प्राणवायू दूर सारतो. जळणारी वस्तू तो फारशी थंड करत नाही. साडेचार किलोचा सिलिंडर अर्ध्या मिनिटाच्या आत संपतो. वीज चालू राहिली तर वायर पुन्हा तापते आणि धुमसणारा कागद पुन्हा भडकतो. म्हणून आधी एमसीबी पाडायचा. वीज तुटली की उरते ती कागद-लाकडाची, म्हणजे ए वर्गाची आग. तिला एबीसी पावडर किंवा पाणी चालतं. (आपल्याकडे सी वर्ग वायूच्या आगीचा, अमेरिकेत विजेच्या; परदेशी तक्ते भिंतीवर लावताना हे तपासावं.) एका सिलिंडरने आग विझली नाही, तर तिथे थांबू नये. आता उष्णता काढून घेणं आपल्या हातात नसतं, फर्निचरही हलवता येत नाही. हवा मात्र रोखता येते, दार लावून.

तेच दार पाचर लावून उघडं ठेवलेलं असेल, तर धूर जिन्यात शिरतो आणि वरच्या मजल्यांची वाट बंद होते. २०१२ साली मंत्रालयात चौथ्या मजल्यावर लागलेली आग वरच्या मजल्यांवर पसरली आणि पाच जणांचे जीव गेले.

दहा मजले, दर मजल्यावर १२० माणसं आणि दीड मीटर रुंदीचे दोन जिने धरा. अशा जिन्यातून मिनिटाला साधारण ७५ माणसं खाली पोचतात. दोन्ही जिने मोकळे असतील तर १,२०० जणांना आठ मिनिटं लागतात. एकात धूर भरला तर सोळा. आग सहाव्यावर असेल आणि आधी फक्त पाचवा, सहावा, सातवा रिकामा केला, तर ३६० जण एकाच जिन्याने पाच मिनिटांत निघतात. मग आगीच्या वरचे मजले, शेवटी खालचे.

यावर आक्षेप असा की धूर दिसल्यावर वरचे लोक थांबणार नाहीत. तो खरा आहे. प्रत्येक मजल्यावर स्पष्ट ऐकू येणारी उद्घोषणा, चालू स्प्रिंकलर आणि धूर अडवणारी दारं नसतील, तर टप्प्यांचा हट्ट धरू नये. सगळ्यांना एकदमच काढावं. दुसरी तक्रार बंद दाराच्या गैरसोयीची. तिच्यावर उपाय आहे: अलार्म वाजताच दार सोडणारा चुंबकी होल्डर.

म्हणून पुढच्या सरावात आगाऊ न सांगता एक जिना बंद करावा, आणि आगीच्या मजल्यावर एका निरीक्षकाला उभं करून शेवटचा माणूस गेल्यावर दार आपोआप खटक्यात बसलं का, हे लिहून घ्यावं.