पगार किती, त्याआधी पगार कुठून?

ईदच्या दुसऱ्या दिवशी भाची साखऱ्याला आली, तेव्हा शीरखुर्म्याच्या वाटीबरोबर तिने दोन कागद माझ्यासमोर ठेवले. इतिहासात एम.ए. झालेली आणि ग्रंथालयशास्त्राची पदवी घेतलेली मुलगी. दोन ठिकाणांहून कामाचं बोलावणं आलं होतं. एक शेजारच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयातलं ग्रंथपालपद, महिना चार हजार. दुसरं एका खासगी एजन्सीचं, जुन्या सरकारी दप्तरांचं स्कॅनिंग आणि सूची करण्याचं, महिना अठरा हजार, मुदत सहा महिने. तिला उर्दू वाचता येतं म्हणून हे दुसरं काम चालून आलं होतं.

"मामू, अठरा हजारांतच फायदा आहे ना?" तिने विचारलं.

मी लगेच हो म्हणालो नाही. बारा वर्षांपूर्वी अशाच एका स्कॅनिंगच्या कामावर मी होतो. पहिले दोन महिने पगार वेळेवर आला. नंतर "बिल वर गेलंय" हे वाक्य ऐकत तीन महिने काम केलं आणि त्या तीन महिन्यांचे पैसे आजवर मिळाले नाहीत. एजन्सीला पैसे टप्प्याटप्प्याने मिळायचे आणि प्रत्येक टप्पा तपासून मंजूर झाल्यावरच बिल निघायचं, हे मला काम सुटल्यावर कळलं. सुरुवातीचे दोन पगार आगाऊ रकमेतून झाले होते. रुजू होतानाच कामाचा आदेश बघायला मागितला असता, तर हे पहिल्या दिवशी समजलं असतं.

म्हणून आम्ही दोन्ही कागदांना एकच प्रश्न लावला. हे पैसे कोणाच्या खिशातून, कोणत्या नावाखाली आणि किती दिवस येणार?

आधी वाचनालय घेतलं. आपल्याकडे गावोगावची सार्वजनिक वाचनालयं १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली शासनमान्य होतात आणि त्यांना अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात. वाचनालय चालवते ती गावातली संस्था. सरकार फक्त अनुदान देतं. त्यामुळे तिथला ग्रंथपाल सरकारी नोकर नसतो, संस्थेचा नोकर असतो. हा फरक नोकरी मागायला येणाऱ्या पोरांना बहुतेक वेळा कोणी सांगत नाही.

अनुदानाचे दर २०२२ च्या अखेरीस साठ टक्क्यांनी वाढले. त्यानंतर ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला जास्तीत जास्त ४८ हजार रुपये मिळू लागले. भाचीला बोलावणारं वाचनालय ड वर्गाचंच होतं. अनुदानाचा निम्मा भाग वेतनासाठी धरला जातो, उरलेला पुस्तकं, वर्तमानपत्रं, भाडं, वीज यांसाठी. म्हणजे वेतनाला वर्षाचे २४ हजार, महिन्याला दोन हजार. संस्थेचे सचिव चार हजार म्हणत होते. मग वरचे दोन हजार कुठून? वर्गणीतून, देणगीतून, की नुसत्या शब्दावर? क वर्गाच्या गावपातळीवरच्या वाचनालयाला त्या दराने १ लाख ५३ हजार ६०० मिळत होते, पण तिथेही वेतनाचा वाटा दोघांत विभागला तर प्रत्येकाला महिना ३,२०० रुपयेच पडत होते. म्हणून वाचनालयात नोकरी म्हटलं की आधी वर्ग विचारायचा आणि हा भागाकार करून बघायचा.

वर्ग बदलला तर पगारही बदलेल, ही आशा सचिव दाखवतातच. "पुढच्या वर्षी आपण क मध्ये जाऊ," असं तिलाही सांगितलं गेलं होतं. मे २०१२ मध्ये महसूल विभागामार्फत राज्यभरातल्या वाचनालयांची पडताळणी झाली आणि त्यानंतर कित्येक वर्षं नवी मान्यता आणि वर्गवाढ दोन्ही थांबून राहिल्या. त्या काळात अशाच आशेवर कामाला लागलेले लोक मी पाहिले आहेत. वर्गवाढ झाल्याचं पत्र हातात असेल तरच ते हिशोबात धरायचं.

आणखी एक गोष्ट मी तिला समजावली. कर्नाटक, तेलंगणसारख्या राज्यांत ग्रंथालयांसाठी घरपट्टीबरोबर उपकर घेतला जातो. आपल्या कायद्यात तसा उपकर नाही. इथे वाचनालयांचा पैसा दरवर्षीच्या अर्थसंकल्पातून येतो आणि हप्त्यांनी येतो. शेवटचा हप्ता मार्चअखेरीस पडला तर ग्रंथपालाचा पगारही तोवर लांबतो. अनुदान बंद पडत नाही, पण घरचं किराणा दुकान मार्चपर्यंत थांबत नाही.

हे तपासायला आम्ही माहितीच्या अधिकाराचा अर्ज केला. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या नावे, तीनच प्रश्न: या वाचनालयाचा सध्याचा वर्ग कोणता, गेल्या तीन वर्षांत अनुदानाचा प्रत्येक हप्ता कोणत्या तारखेला आणि किती मिळाला, आणि संस्थेने सादर केलेल्या लेखापरीक्षण अहवालात वेतनावर किती खर्च दाखवला आहे. कायद्यात तीस दिवसांची मुदत आहे, उत्तर त्याच्या आत आलं. वेतनाचा खर्च तिन्ही वर्षं अनुदानातल्या निम्म्याइतकाच होता. म्हणजे आधीच्या ग्रंथपालाला दोन हजारच मिळत होते. चार हजार हे सचिवांच्या तोंडचे होते.

मग एजन्सीचा कागद. अशी कामं आता का निघतात ते आपल्या भागातल्या लोकांना वेगळं सांगायला नको. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, त्यामुळे जुनं महसुली दप्तर उर्दूत, काही फारसीत, काही मोडीत आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती कुणबी नोंदी शोधायला नेमली गेली आणि तहसिलांतले गठ्ठे उघडले गेले, हैदराबादचं दप्तरही बघितलं गेलं. तेव्हा उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सुरू झाली. ज्या उर्दूचा आपल्या घरात नोकरीसाठी उपयोग नाही असं आपण धरून चाललो होतो, तिलाच एकदम भाव आला.

पण अशा कामाचा पैसा त्या कामापुरताच असतो. समितीला मुदतवाढ मिळाली तर काम वाढतं, ती संपली की पुढच्या महिन्याचं काही सांगता येत नाही. सरकारी खर्चाच्या कागदावर हे स्पष्ट दिसतं. महाराष्ट्र शासनाच्या संकेतस्थळावर शासन निर्णय विभागवार शोधता येतात. ग्रंथालयांचे उच्च व तंत्र शिक्षण विभागात, पुराभिलेखांचे सांस्कृतिक कार्य विभागात. पैसे देणाऱ्या निर्णयात लेखाशीर्ष दिलेलं असतं. २२०५ म्हणजे कला व संस्कृती. त्यापुढे उद्दिष्ट म्हणून "०१, वेतन" लिहिलेलं असेल तर तो मंजूर पदांचा पगार आहे. "१०, कंत्राटी सेवा" किंवा "२८, व्यावसायिक सेवा" असेल तर ती खरेदी केलेली सेवा आहे, नोकरी नाही. "३१, सहायक अनुदाने" असेल तर पैसा संस्थेला जातो आणि पगार संस्था ठरवते. जाहिरातीतही हीच खूण सापडते. "वेतनस्तर एस" आणि पुढे आकडा असेल तर पद आकृतीबंधातलं आहे. "ठोक मानधन" किंवा "एकत्रित मानधन" असेल तर मुदत शोधायची.

यात एका गोष्टीने घाबरायचं नाही. अनेक विभागांत "अस्थायी पदांना मुदतवाढ" असे निर्णय दरवर्षी निघतात. ती पदं मंजूरच असतात आणि मुदतवाढ ही नेहमीची कागदोपत्री रीत आहे. भाचीने एका जाहिरातीवर "अस्थायी" शब्द वाचून अर्जच भरला नव्हता. ती चूक होती.

केंद्राच्या संस्थांनाही हाच नियम लावायचा. हैदराबादचं सालारजंग संग्रहालय १९६१ च्या, पाटण्याचं खुदाबख्श ग्रंथालय १९६९ च्या आणि रामपूरचं रझा ग्रंथालय १९७५ च्या संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचं ठरलं. तिथे उर्दू-फारसीची हस्तलिखितं आहेत आणि संस्था कायद्याने उभी असल्यामुळे ती सहजासहजी बंद होत नाही. पण तिथलंही प्रकल्पावरचं काम प्रकल्पाबरोबर संपतं. दारावरची पाटी बघून पद पक्कं आहे असं धरू नये.

भाचीने एजन्सीला तीन गोष्टी लेखी मागितल्या: कामाच्या आदेशाची प्रत, पगार दरमहा की टप्प्यावर याचा उल्लेख, आणि भविष्य निर्वाह निधीचा क्रमांक. पहिली मिळाली नाही, उरलेल्या दोन मिळाल्या. पगार दरमहा सात तारखेला असं पत्रात आलं. ती रुजू झाली, पण एका अटीवर, जी तिने स्वतःलाच घातली: निधीच्या पासबुकात दोन महिने ओळीने भरणा दिसला नाही, तर तिसऱ्या महिन्यात घरी.

कामावर पहिल्याच आठवड्यात तिचा फोन आला. छापील उर्दू वाचणं आणि पटवाऱ्याचं शिकस्ता अक्षर वाचणं यात किती अंतर आहे ते तिला कळलं होतं. शब्द एकमेकांत मिसळलेले, नुक्ते गायब, रकमा आकड्यांत नव्हे तर सियाकच्या खुणांत लिहिलेल्या, आणि साल फसली. फसली सालाचं मी सांगितलं, ५९० मिळव. १३५५ म्हणजे १९४५ च्या पावसाळ्यानंतर सुरू होणारं साल. शिकस्त्यासाठी तिला सेनगावच्या एका म्हाताऱ्या चाचांकडे पाठवलं, जे निजामाच्या शाळेत शिकले होते. दर जुम्म्याला ती त्यांच्यासमोर नोंदींच्या नकला घेऊन बसते. ते चष्मा पुसून एकेक नाव वाचतात, ती लिहून घेते.

सहा महिन्यांतले चार झाले. चारही भरणे पासबुकात दिसले. संध्याकाळी ती सेट परीक्षेचा अभ्यास करते आणि ग्रंथालयशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गाचा अर्ज भरला आहे, कारण महाविद्यालयीन ग्रंथपालासाठी त्या दोन्ही लागतात. परवा तिने एका संग्रहालयाची जाहिरात पाठवली. खाली एवढंच लिहिलं होतं: "मामू, ठोक मानधन, अकरा महिने. पण पैसे कोणत्या शीर्षातून ते लिहिलेलं नाही. विचारू?"

मी लिहिलं, विचार.