भाई, बाबू आणि दा

अहमदाबादेत सहा वर्षं काढली, पण कुणाचं वय विचारावं लागलं नाही. तिथं ‘भाई’, ‘बेन’ नावातच मुरलेलं. वल्लभभाई, इलाबेन असं कागदावरही जोडूनच. धाकट्यालाही खुशाल लावा.

तीच सवय घेऊन कोलकात्याला गेलो. पंचविशीतल्या सहकाऱ्याच्या नावाला ‘दा’ लावलं, तर तो ओशाळला. म्हणाला, ‘दादा, मी लहान आहे तुमच्याहून.’ ‘दा’ म्हणजे थोरला भाऊ. वय पाहूनच लावायचं.

पुन्हा चूक नको म्हणून शेजारच्या टेबलावरच्या वडीलधाऱ्या गृहस्थांना मी ‘बाबू’च म्हणत राहिलो. शब्द मानाचा, पण अंतर राखणारा. निवृत्तीच्या दिवशी ते हळूच म्हणाले, ‘दोन वर्षं झाली, अजून बाबूच?’

मला उत्तर सुचेना.